पंप वर उचलला, फोटोंचं काय?

चेअरमन साहेब, सेक्रेटरी वहिनी आणि सगळे सभासद, नमस्कार.

टाकीची सफाई, गटार, पंप हे विषय झाले. पार्किंगचा व्हायचाय आणि तो सुरू झाला की कोणी कोणाचं ऐकणार नाही, म्हणून मी आधीच वेळ मागून घेतली. विषय घरातल्या फोटोंचा आहे. पावसाळ्याआधीच्या सभेत हा कशाला, असं काहींना वाटेल.

22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आपल्यातले निम्मे लोक इथेच होते. 2005 चा पूरही बऱ्याच जणांनी पाहिलाय. 2021 नंतर आपण विजेचे मीटर वर घेतले, पंपाचा चौथरा उंच केला, तळमजल्याच्या बिऱ्हाडांनी इन्व्हर्टर भिंतीवर चढवले. फोटो मात्र जिथे होते तिथेच आहेत. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, कारण अल्बम जड असतात.

माझा स्टुडिओ असल्यामुळे मला पुरानंतरचं जरा वेगळं दिसलं. सुरुवातीला लोक आले ते पंचनाम्यासाठी नुकसानीचे फोटो काढून घ्यायला. अल्बमकडे तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं, आणि ते बरोबरच होतं, आधी घरातला चिखल काढायचा होता. अल्बम घेऊन लोक आले ते नंतर, सगळं वाळल्यावर. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो भिजला की फुगतो आणि दाबाखाली वाळला की समोरच्या फोटोला घट्ट धरून बसतो. मग पान ओढलं की नवरीचा चेहरा समोरच्या पानावर निघून येतो. असे अल्बम ओले असतानाच स्वच्छ पाण्यात हलक्या हाताने सोडवून, एकेक फोटो सुटा वाळवला असता तर बरेच हाती लागले असते. पुन्हा वेळ येऊ नये, पण आली तर एवढं लक्षात ठेवा. भिजलेला अल्बम मिटून उन्हात ठेवू नका.

त्यातल्या प्रत्येकाचा दुसरा प्रश्न ठरलेला असायचा. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असतीलच ना आमचे फोटो?" नसतात हो. अल्बम तुमच्या हातात दिला की काही काळाने आम्ही फाईली काढून टाकतो. प्रत्येक लग्नाचं सगळं शूटिंग कायमचं ठेवायचं तर डिस्क विकत घेताघेताच धंदा बुडेल. आणि माझं दुकान पेठेत आहे, पाण्याने ते काही वगळलं नव्हतं.

तरुण मंडळी म्हणतील, आता अल्बम कुठे असतात, सगळं मोबाईलमध्ये. मान्य. म्हणजे बारशापासून बारावीच्या निरोपापर्यंत सगळं एका अशा वस्तूत, जी खिशातून पडते, एसटीत राहते, समुद्रावर गेल्यावर भरतीच्या पाण्यात बुचकळते. "पण मी सगळे व्हॉट्सॲपवर ग्रुपला टाकलेत!" व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवतं. फोनवर तो छान दिसतो, पण भिंतीवर लावायला मोठा करून मागितलात की आजोबांच्या मिशीचा नुसता काळा पट्टा होतो. मूळ फोटो पाठवायचा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

गुगल फोटोज बऱ्याच जणांकडे आहे. चांगलं आहे, वापरा. फक्त तीन गोष्टी बघून घ्या. फुकट जागा 15 जीबी, तीही जीमेल आणि ड्राइव्ह मिळून. जून 2021 पर्यंत थोडे लहान करून कितीही फोटो ठेवता येत होते, आता तसं नाही. जागा भरली की नवे फोटो वर जाणं थांबतं, आणि "स्टोरेज भरलं" ही सूचना आपण सगळेच न वाचता बाजूला सारतो. दुसरं, त्या ॲपमध्ये तुम्ही फोटो डिलीट केलात तर तो फोनमधून आणि गुगलवरून, दोन्हीकडून जातो. वर गेलेला फोटो कचरापेटीत 60 दिवस राहतो, मग संपला. तिसरी गोष्ट नाजूक आहे, पण बोलतो. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की त्यांचा फोन ड्रॉवरमध्ये जातो. दोन वर्षं खातं कोणीच उघडलं नाही तर गुगल ते फोटोंसकट काढून टाकू शकतं. त्यांनी काढलेले फोटो त्याआधी उतरवून घ्या.

पेनड्राइव्हवर फार विसंबू नका. वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तर त्यातलं आपोआप पुसट होत जातं, आणि हरवतो तो वेगळाच. लग्नाच्या सीडी-डीव्हीडी असतील तर याच वर्षी उतरवा. आपल्या दमट हवेत कपड्यांना बुरशी धरते तिथे चकत्या काय टिकणार, आणि नव्या लॅपटॉपला त्या घालायला खाच तरी कुठे असते?

माझ्या मते कमीत कमी एवढं हवं. फोटो फोनमध्ये आहेत, त्यांची एक नक्कल हार्डडिस्कवर, आणि आणखी एक चिपळूणच्या बाहेर. या शेवटच्या नक्कलेवर मी अडून बसणार आहे. पुरात मी असं घर पाहिलंय जिथे लॅपटॉप होता, हार्डडिस्क होती, अल्बमही होता. तिन्ही एकाच टेबलाच्या खणात. दोन नकला एका कपाटात म्हणजे हिशेबाला एकच धरा. बाहेर कुठे ठेवायची याची सोय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. गणपतीला चाकरमानी येतात की नाही? परत जाताना मोदक, कोकम, फणसपोळीबरोबर एक हार्डडिस्क मुंबईला द्या. पुढच्या गणपतीला ती परत आणायची, वर्षाचे नवे फोटो भरायचे, पुन्हा पाठवायची. एक टीबीच्या डिस्कवर साधारण दोन-अडीच लाख फोटो मावतात. आपल्या "शुभ सकाळ"च्या गुलाबांसकट. ते मात्र आधी काढून टाका, ही विनंती.

आणि भरली म्हणजे झालं असं नाही. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फोटो आणि एखादा व्हिडिओ उघडून बघा. न उघडणारी नक्कल सापडते ती नेमकी गरजेच्या दिवशी.

जुन्या अल्बमसाठी स्कॅनर नसला तरी चालेल. फोटो अल्बममधून बाहेर काढा, खिडकीजवळ सावलीच्या उजेडात सपाट ठेवा, फ्लॅश बंद, फोन बरोबर वरून धरा. मागच्या बाजूचाही फोटो घ्या, कारण तारीख-गाव तिथेच पेन्सिलीने लिहिलेलं असतं. आणि हे काम आजी-आजोबांना शेजारी बसवून करा. "हा डावीकडचा कोण?" याचं उत्तर घरात एकालाच माहीत असतं. फाईलच्या नावातच गाव, साल, माणसं टाकली की झालं. फोटो वाचला पण त्यातलं माणूस ओळखणारं कोणी राहिलं नाही, असे अल्बमही माझ्याकडे येतात, आणि खरं सांगू, त्यांचं काय करायचं ते मलाही कळत नाही.

येत्या दोन रविवारी सकाळी मी सोसायटीच्या ऑफिसात लॅपटॉप घेऊन बसतो. फोन, चार्जिंगची केबल आणि असेल तर डिस्क घेऊन या. बी विंगची कॉलेजची पोरं मदतीला आहेत. पैसे काही नाहीत, चहा वहिनींकडून आहे असं त्यांनी आत्ता मान हलवून कबूल केलंय. आणि पासवर्ड मला सांगायचा नाही. स्वतःच्या हाताने टाका, मी तोपर्यंत तिकडे तोंड करतो.