भूगोलाच्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न.

तुम्ही निवृत्त झाल्याचं कळलं आणि ग्रुपवर पहिला मेसेज पडला, ‘कशावरून?’ हे विचारायला तुमच्याशिवाय दुसरं कोण शिकवणार!

वाईच्या शाळेत पर्जन्यछाया तुम्ही पुस्तकातून शिकवलीच नाहीत. बाटलीत नरसाळं बसवून मैदानात ठेवलंत. रोज सकाळी साडेआठला मोजणी, मग कितीही भिजायला होवो. पेपरातला महाबळेश्वरचा आकडा वहीत, शेजारी वाईचा. जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटरवर इतका फरक का, हे आम्ही पसरणी घाटाकडे बघत, भांडून ठरवलं. तुम्ही गप्प. उत्तर सांगून टाकावंसं वाटत नव्हतं का हो?

दिशा आणि प्रमाण नसलेल्या नकाशाला शून्य गुण, मग नदी कितीही सुबक निळी रंगवलेली असो. तेव्हा फार राग यायचा. आता जमिनीची मोजणी असो की फ्लॅटचा प्लॅन, आम्ही आधी उत्तर दिशा शोधतो. आमच्यातली एक जण जलसंपदा विभागात आहे. गप्पांतही धरणाचा साठा सांगताना एकक सोडत नाही.

येत्या रविवारी चारला सगळे घरी येतोय. चहा आम्हीच करू.

तुमचे,
दहावी ‘ब’, १९९६