वय आणि उत्तरदायित्व: प्रस्तावाच्या बाजूने

सन्माननीय अध्यक्ष महोदया, परीक्षक आणि श्रोतेहो, गंभीर गुन्हा करणाऱ्या अल्पवयीनांवर प्रौढांप्रमाणे खटला चालवला जावा, या प्रस्तावाच्या बाजूने मी उभी आहे.

१६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत धावत्या बसमध्ये झालेल्या अत्याचारातील एक आरोपी, अठरा वर्षे पूर्ण होण्यास काही महिने उरले होते एवढ्याच कारणाने, तीन वर्षांनी मुक्त झाला. त्या पीडितेच्या आईवडिलांना आपण कोणत्या तोंडाने न्याय झाला असे सांगणार? २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वयोगटासाठी प्रौढ खटल्याची वाट उघडली. मात्र ती किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांपुरतीच असल्याने सदोष मनुष्यवधासारखा, जीव घेणारा गुन्हाही तिच्याबाहेर राहतो.

कोवळ्या वयाचा मुद्दा विरोधक मांडतील, आणि तो मी हलका मानत नाही. परंतु याच कायद्यात मुलाची मानसिक क्षमता आणि परिणामांची जाण आधी तपासली जाते, फाशी देता येत नाही, सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेपही देता येत नाही, आणि एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवले जाते. आम्ही मागतो तो खटला, सूड नव्हे.