विषय: चौथ्या मजल्यावर पाण्याला जोर नसणे आणि सोसायटीचा पंप वारंवार बंद पडणे

नेरूळ, नवी मुंबई
12 मे 2025

आदरणीय कुलकर्णी काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आपलं या विषयावर बोलणं झालं होतं. तुम्ही म्हणालात, सगळं नीट लिहून पाठवा, म्हणजे कमिटीपुढे ठेवता येईल. म्हणून हे पत्र.

सेक्रेटरी काहीही विचारलं तरी एकच उत्तर देतात, "पंपाचं काम झालं की प्रेशर येईल." माझ्या मते या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि एकत्र केल्यामुळे दोन्ही रखडल्यात. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असतानाही आपल्या बाथरूममध्ये शॉवर नुसता ठिबकतो. गॅस गिझर पेटत नाही, कारण तो पेटायला पाण्याचा जेवढा जोर लागतो तेवढाही मिळत नाही. वॉशिंग मशीन पाणी भरता भरता एरर दाखवून थांबतं. सासूबाईंना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही. त्यांच्यासाठी बादली भरून स्टुलावर ठेवावी लागते.

टाकी आपल्या डोक्यावरच असल्यामुळे जोर थोडा कमीच असणार, हे मला समजतं. दहा मीटर उंचीवरून पाणी आलं तर साधारण एक किलो प्रेशर मिळतं. आपल्या शॉवरपासून टाकीचा तळ जेमतेम तीन मीटर वर आहे. पण गेल्या महिन्यात प्लंबरने स्वयंपाकघरातल्या नळामागचा एल्बो काढून दाखवला. आतून गंजाचे थर इतके चढलेत की अर्ध्या इंची पाइपातून पेन्सिल जेमतेम जाईल. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलाय. गच्चीपासून आपल्या फ्लॅटपर्यंतची जुनी जीआय लाइन बदलून एक इंची सीपीव्हीसी टाकली तर बराच फरक पडेल, असं त्याचं म्हणणं आहे. मजुरीसकट 9,500 रुपये सांगितलेत. अॅग्रीमेंटप्रमाणे किरकोळ दुरुस्ती माझ्याकडे आहे आणि ती मी करतेच, पण हे काम मोठ्या दुरुस्तीत येतं.

बूस्टर पंप बसवायचा सल्लाही काही जणांनी दिला. मी तो नको म्हटला. लाइन सामाईक असताना आपण पाणी ओढलं की खालच्यांचं कमी होणार, मग रोज जिन्यात भांडण. आधी पाइप बदलून बघू.

आता पंपाचं. दोन्ही विंगला मिळून एकच पंप आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. वॉचमन आधी ए विंगचा व्हॉल्व्ह उघडतो, ती टाकी भरली की आपला. पंप मध्येच ट्रिप झाला तर कोरडी राहते ती बी विंग. फूट व्हॉल्व्ह गळतोय, त्यामुळे रात्रीत सक्शन पाइप रिकामा होतो. सकाळी वॉचमन तांब्या-तांब्याने पंपात पाणी ओतत बसलेला दिसतो, तेव्हा कुठे पंप पाणी धरतो. तसाच कोरडा चालला तर सील जातं आणि मोटर तापते. मार्चमध्ये मोटर रिवाइंड करून आणली, पण फूट व्हॉल्व्ह जुनाच ठेवला. मग पुन्हा तेच.

परवा तर कमालच झाली. पंप बंद, म्हणून टँकर मागवला. टँकरवाल्याने पाणी ओतलं खालच्या टाकीत! ते वर चढवायलाही पंपच लागतो, हे पैसे दिल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. आम्ही चार जिने हंडे वाहिले. नेरूळमध्ये मोरबे धरणाचं पाणी येतं आणि आपली खालची टाकी रोज भरते. टंचाई महापालिकेकडून नाही, बिल्डिंगच्या आतच आहे.

मी कमिटीकडे दोनदा अर्ज दिला. "तुम्ही भाडेकरू, मेंबरला लिहायला सांगा," एवढंच ऐकायला मिळालं. मेंटेनन्सबरोबर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस तुम्ही भरताच, तेव्हा तुमच्या पत्राला त्यांना उत्तर द्यावंच लागेल. कृपया त्यात फूट व्हॉल्व्ह लगेच बदलावा, खालच्या टाकीत पाणी संपलं की मोटर आपोआप बंद होईल असा फ्लोट स्विच बसवावा आणि दुसरा स्टँडबाय पंप पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घ्यावा, असं लिहाल का? तोपर्यंत निदान एक दिवसाआड बी विंगची टाकी आधी भरावी. याला तर एक पैसाही लागत नाही.

पाइपाच्या कामाला तुमची हरकत नसेल तर मी माणूस उभा करून ते करून घेते आणि बिल तुम्हाला पाठवते. तुम्ही पैसे थेट प्लंबरला द्या किंवा जूनच्या भाड्यातून वळते करू, जसं सोयीचं असेल तसं. पावसाळ्यात गच्चीवरचं काम अडतं, म्हणून 25 तारखेपर्यंत कळवलंत तर बरं. ऑगस्टमध्ये अॅग्रीमेंट संपतंय. आम्हाला इथेच राहायचं आहे, मुलीची शाळाही जवळ आहे. पण पाण्याचं हे असंच राहिलं तर रिन्यू करताना विचार करावा लागेल, हे आत्ताच सांगितलेलं बरं.

काकूंना नमस्कार सांगा. कोल्हापूरहून कधी येणार असाल तर सकाळी सातच्या सुमारास या, पंपाचा प्रकार स्वतः बघता येईल.

आपली,
स्नेहल जाधव
बी विंग, चौथा मजला

सोबत: प्लंबरचं कोटेशन, कमिटीला दिलेल्या दोन्ही अर्जांच्या प्रती