दोन वर्षांची ठेव : व्याज किती, पैसे कधी, कोणाला ठेवता येते

गेल्या आठवड्यात याच ठेवीची पोस्ट आपण टाकली होती. "आकर्षक परतावा ७.७३ टक्के" असं वर मोठ्या अक्षरात, शेजारी एक तारका आणि खाली मुंगीच्या अक्षरात अटी. सोमवारपासून काउंटरवर एकच प्रश्न येतोय : "पावतीवर ७.२५ लिहिलंय, मग ते ७.७३ कुठे गेलं?" प्रश्न बरोबर आहे. म्हणून ती पोस्ट काढून टाकली आणि ही नव्याने लिहिली. हिच्यात तारका नाही.

व्याज

व्याजदर वर्षाला ७.२५ टक्के आहे. साठ वर्षं पूर्ण झालेल्यांना ७.७५ टक्के. पावतीवर हाच दर छापलेला असतो आणि पूर्ण दोन वर्षं तो बदलत नाही. मध्ये बँकेने दर कमी केले तरी तुमचा तोच राहतो, वाढवले तरीही तोच.

व्याज दर तीन महिन्यांनी मुद्दलात मिळवतो आणि पुढच्या तिमाहीत त्या व्याजावरही व्याज धरतो. म्हणजे आज १,००,००० रुपये ठेवले तर दोन वर्षांनी १,१५,४५४ रुपये मिळतात. ज्येष्ठ नागरिकांना १,१६,५९३ रुपये.

आता ते ७.७३. वरच्या हिशोबात दोन वर्षांचं व्याज १५,४५४ रुपये झालं. त्याला दोनाने भागलं की वर्षाला ७,७२७ रुपये, म्हणजे ७.७३ टक्के. आकडा खोटा नव्हता, पण तो व्याजाचा दरही नव्हता. चक्रवाढीने वाढलेली रक्कम वर्षांनी भागली की असा आकडा निघतो, आणि मुदत जितकी लांब तितका तो फुगतो. याच दराने पाच वर्षांचा हिशोब केला तर आणखी मोठा दिसेल. दुसऱ्या बँकेची जाहिरात घेऊन तुलना करायला बसाल तेव्हा "व्याजदर" असं लिहिलेला आकडा शोधा, "परतावा" लिहिलेला सोडून द्या.

ज्यांना व्याज दरमहा हातात हवं, त्यांना लाखामागे महिन्याला साधारण ६०० रुपये बचत खात्यात जमा होतात. ७.२५ टक्क्यांनी हिशोब केला तर ६०४ येतात, चार रुपये कमी का? बँक व्याज तिमाहीला मोजते, तुम्ही ते तिमाही संपायच्या आत घेता, म्हणून थोडं कमी करून मिळतं. दर तीन महिन्यांनी घेतलंत तर पूर्ण १,८१२ रुपये ५० पैसे.

मुदत, आणि मुदतीआधी पावती मोडली तर

मुदत २४ महिने. कमीत कमी १०,००० रुपये, पुढे हजाराच्या पटीत, एका व्यक्तीला या योजनेत जास्तीत जास्त १० लाख.

जुन्या पोस्टमध्ये एक वाक्य होतं : "मुदतपूर्व परतफेडीस प्रत्यक्ष कालावधीस अनुज्ञेय दरातून १ टक्का वजावट करण्यात येईल." आमच्यातल्याच दोघांनी त्याचा वेगवेगळा अर्थ सांगितला, मग ठेवीदारांना काय दोष द्यायचा! बहुतेकांना वाटतं की ७.२५ मधून एक गेला, ६.२५ मिळतील. तसं नाही.

समजा बरोबर एक वर्षाने पावती मोडली. तर तुम्ही पैसे ठेवले त्या दिवशी एक वर्षाच्या ठेवीला जो दर होता तो धरायचा. तो सध्या ६.७५ आहे. त्यातून एक टक्का वजा, म्हणजे ५.७५. लाखाचे १,०५,८७५ रुपये हातात येतील. पावती मोडली नसती तर त्याच दिवशी तिची किंमत १,०७,४५० झालेली असती. नुकसान १,५७५ रुपये. आणि सात दिवसांच्या आत मोडलीत तर व्याजच नाही, फक्त मुद्दल परत. ठेवीदाराचं निधन झालं आणि वारसांनी ठेव मोडली, तर हा एक टक्का आम्ही कापत नाही.

थोड्या दिवसांची अडचण असेल तर मोडायच्या आधी पावतीवर कर्ज घेण्याचा विचार करा. ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ८.२५ टक्क्यांनी मिळतं. ५०,००० रुपये दोन महिन्यांसाठी घेतले तर व्याज ६८८ रुपयांच्या आसपास, आणि तुमची ठेव ७.२५ ने चालूच राहते.

दोन वर्षं भरली की पावती आपोआप नव्याने होत नाही. तुम्ही काही कळवलं नाही तर त्या दिवसापासून फक्त बचत खात्याचा दर, म्हणजे ३ टक्के मिळतो. तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. रक्कम तुमच्या खात्यात जमा होते. मुद्दल आणि व्याज मिळून २०,००० किंवा जास्त असेल तर कायद्याने ती रोख देता येत नाही, त्यासाठी काउंटरवर वाद घालू नये ही विनंती.

कोणाला ठेवता येते

सभासद असण्याची गरज नाही. आपल्याकडे ठेव कोणीही ठेवू शकतं, शेअर घ्यावा लागत नाही. एकट्याच्या नावाने, दोघांच्या नावाने, अठरा वर्षांखालील मुलाच्या नावाने (सोबत आई किंवा वडील), गृहनिर्माण संस्था, बचत गट, सगळ्यांना चालते. अनिवासी भारतीयांना मात्र ही योजना नाही. ज्येष्ठांचा जादा दर संयुक्त ठेवीत फक्त पहिलं नाव ज्येष्ठाचं असेल तरच. आजोबांचं नाव दुसरं टाकून मग दराबद्दल विचारायला येणारे दर महिन्याला भेटतात.

वारस नोंद करायला विसरू नका. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीला चार जणांपर्यंत नावं देता येतात, कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं.

कर आणि विमा

"मी सभासद आहे, माझा टीडीएस कापू नका" असं अजून ऐकायला मिळतं. ती सूट जून २०१५ पासून गेली. चालू आर्थिक वर्षात आपल्या बँकेतल्या तुमच्या सगळ्या ठेवींचं व्याज ५०,००० रुपयांवर गेलं (ज्येष्ठांचं १ लाखावर) की १० टक्के कापले जातात. पॅन दिला नसेल तर २० टक्के. व्याज अजून हातात आलं नसलं तरी दरवर्षीचं त्या त्या वर्षात मोजलं जातं. उत्पन्न करपात्र नसेल तर १५जी, ज्येष्ठांनी १५एच फॉर्म भरून द्या.

ठेवींना डीआयसीजीसीचा विमा आहे. मर्यादा एका ठेवीदाराला ५ लाख रुपये, आणि त्यात व्याजही आलं. बचत, चालू, मुदत ठेव, आपल्या सगळ्या शाखा मिळून ५ लाख. प्रत्येक शाखेला वेगळे नाहीत. १० लाख ठेवायला येणाऱ्यांना हे आम्ही स्वतःहून सांगतो.

योजना १ डिसेंबर २०२५ ते ३१ जानेवारी २०२६. येताना आधार, पॅन आणि एक फोटो आणा. आपल्याकडे बचत खातं असेल तर फोटोही नको. पावती हातात पडली की काउंटर सोडण्याआधी तीन गोष्टी वाचा : नावाचं स्पेलिंग, दर, आणि मुदत संपण्याची तारीख. चूक असेल तर लगेच दुरुस्त करून देतो, दोन वर्षांनी सापडली की अर्ज-विनंत्या होतात.