पिशवीतले चेंडू, घडीखालचा आकडा आणि 5/9

बेटा, फोटो मिळाला. सीताबर्डीला गाडी बदलताना काढला म्हणतोस, ते दिसतंच आहे. कागदाची घडी नेमकी एका आकड्यावरून गेली आहे. तरी प्रश्न लागतो. मला वाचता आला तसा आधी मराठीत मांडते, म्हणजे आपण दोघं एकाच गणितावर बोलतोय हे पक्कं होईल.

पहिल्या पिशवीत 4 लाल आणि 6 काळे चेंडू आहेत. दुसरीत 5 लाल आणि (इथे घडी आहे) 4 किंवा 9 काळे. पहिल्या पिशवीतून न बघता एक चेंडू काढून दुसरीत टाकला. मग दुसरीतून एक चेंडू काढला. (अ) तो लाल असण्याची संभाव्यता किती? (ब) तो लाल निघाला, तर आधी टाकलेला चेंडू काळा असण्याची संभाव्यता किती?

तू पेन्सिलीने काढलेलं झाड बघितलं. पहिल्याच फाट्यावर ‘पिशवी 1’ आणि ‘पिशवी 2’ लिहून दोन्हीकडे 1/2 टाकलंस. ते 1/2 आलं कुठून? कोणती पिशवी घ्यायची यासाठी इथे कोणी नाणं उडवलेलं नाही. आधी पहिली पिशवी, नंतर दुसरी, हा क्रम ठरलेलाच आहे. फाटा तिथेच फुटतो जिथे काय होईल हे आपल्याला माहीत नसतं. इथे अशा जागा दोनच: टाकलेला चेंडू कोणत्या रंगाचा, आणि नंतर काढलेला कोणत्या रंगाचा. मागच्या आठवड्यातल्या गणितात पिशवी निवडायची होती, त्याचा हात अजून बसलेला दिसतो.

आता घडीखाली 4 आहे असं धरू. टाकलेला चेंडू लाल असेल तर दुसऱ्या पिशवीत 6 लाल, 4 काळे होतात. काळा असेल तर 5 लाल, 5 काळे. दोन्हीकडे एकूण 10. पुष्कळ पोरं इथे 9 च लिहून मोकळी होतात, टाकलेला चेंडू मोजतच नाहीत. तू मोजलास, छान.

```
पिशवी 1
├─ लाल  4/10 ─┬─ लाल  6/10 → 24/100
│             └─ काळा 4/10 → 16/100
└─ काळा 6/10 ─┬─ लाल  5/10 → 30/100
              └─ काळा 5/10 → 30/100
```

फांदीवरून टोकाकडे जाताना गुणायचं. शेवटच्या चारही आकड्यांची बेरीज 100/100 आली पाहिजे. नाही आली तर पुढे जाऊच नकोस, आधी झाड तपास.

(अ) साठी लाल रंगावर संपणारी दोन टोकं घे: 24/100 + 30/100 = 54/100, म्हणजे 27/50.

(ब) मध्ये तू 30/100 लिहून खाली दोन रेघा ओढल्यास. 30/100 हे ‘काळा टाकला आणि लाल निघाला’ याचं उत्तर आहे. प्रश्नात ‘लाल निघाला, तर’ असं आहे. त्या ‘तर’ने काय होतं ते बघ. हा खेळ 100 वेळा खेळलो असं समज. झाडाच्या हिशेबाने साधारण 54 वेळा लाल निघेल. उरलेल्या 46 वेळांचा विषयच संपला, कारण लाल निघाला हे आपल्याला कळलं आहे. काळ्यावर संपणारी दोन्ही टोकं पेनाने खोडून टाक. आता उरलेल्या 54 पैकी काळा टाकलेला असे खेळ किती? 30. म्हणून 30/54 = 5/9.

पेपरात असं लिही. E1: टाकलेला चेंडू लाल. E2: टाकलेला चेंडू काळा. A: काढलेला चेंडू लाल. मग

P(E2|A) = P(E2)·P(A|E2) / [P(E1)·P(A|E1) + P(E2)·P(A|E2)]
= (30/100) / (54/100) = 5/9

घटना शब्दांत लिहिल्याशिवाय सूत्राला हात लावू नकोस. पुढे P(A|E2) आणि P(E2|A) यांची अदलाबदल होते ती त्या तीन ओळी गाळल्यामुळेच. पहिलं झाडाच्या फांदीवर आयतं मिळतं, 5/10. दुसरं काढावं लागतं. हेच बेजचं सूत्र. थॉमस बेज 1761 मध्ये वारला आणि त्याचा निबंध त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याने 1763 मध्ये छापून आणला.

फोटोखाली विचारलंस, ‘मॅडम, चेंडू नंतर काढला, मग आधीच्या चेंडूची शक्यता काहून बदलते?’ चांगला प्रश्न आहे. टाकलेला चेंडू आहे तसाच पिशवीत पडून आहे, त्याचं काही बदललेलं नाही. बदलली ती आपल्याला असलेली माहिती. काही कळायच्या आधी तो काळा असण्याची शक्यता 6/10, म्हणजे 0.6 होती. लाल निघाला म्हटल्यावर लाल टाकलेला असण्याकडे थोडं झुकतं माप गेलं, म्हणून काळ्याची शक्यता घसरून 0.56 च्या आसपास आली. घसरण लहानशीच आहे आणि ते बरोबरही आहे, कारण एका चेंडूने दुसऱ्या पिशवीत फार फरक पडत नाही. तुझ्या 0.3 ने ती एकदम निम्म्यावर आणली असती. तिथेच शंका यायला हवी होती. उलट बाजूही करून बघ: काळा निघाला असता तर 30/46, म्हणजे 15/23, जवळपास 0.65. 0.6 च्या वर. दिशा जुळते.

आता घडीची गंमत. खाली 9 असेल तर दुसऱ्या पिशवीत टाकल्यावर एकूण 15 चेंडू होतात. लालवर संपणारी टोकं 24/150 आणि 30/150. (अ) चं उत्तर 54/150, म्हणजे 9/25. आणि (ब)? 30/54. पुन्हा 5/9! छेद वरही तोच, खालीही तोच, म्हणून उडून गेला. दुसऱ्या पिशवीत काळे चेंडू 4 असोत, 9 असोत की 90, (ब) ला फरक पडत नाही. 4×6 आणि 6×5 या दोन गुणाकारांवर सगळं ठरतं. ‘लाल निघाला’ऐवजी ‘काळा निघाला’ असं विचारलं असतं, तर मात्र काळ्यांचा आकडा लागलाच असता. तेव्हा (ब) वहीत आजच उतरव आणि (अ) साठी कागद उलगडून आकडा बघून घे.

त्याच पानावर खाली पत्त्यांचा प्रश्न आहे: 52 पत्त्यांतून एकामागून एक दोन काढले, पहिला परत ठेवला नाही, दुसरा एक्का निघाला, तर पहिलाही एक्का असण्याची संभाव्यता? तो तू कर. झाड तसंच. पहिला फाटा 4/52 आणि 48/52. पुढच्या फांद्यांवर छेद 51, आणि एक्क्यांसाठी वर एकीकडे 3, दुसरीकडे 4. टोकांचे अंश 12 आणि 192 आले पाहिजेत, उत्तर 1/17. अंश 16 आणि 192 आले, तर पहिला एक्का गड्डीत परत ठेवलास असं समज.