अकरावी बॅच: जाहिरातीचा मजकूर आणि ती कोणाला दाखवायची

सर, नमस्कार. मजकूर तयार आहे. रात्रीपर्यंत होकार कळवलात तर उद्या सकाळी मेटावर जाहिरात चालू करतो.

पालकांसाठी

अकरावी सायन्स: गणित आणि फिजिक्स. वर्गात फक्त ३० मुलं. दर शनिवारी टेस्ट, तपासलेला पेपर सोमवारी तुमच्या हातात.
संध्याकाळी ५ ते ८, अन्नपूर्णा रोड. जेवायला मूल घरी.
वर्षाची फी २८,००० रुपये, दोन हप्त्यांत. नोट्सचे वेगळे पैसे नाहीत. मध्येच सोडलं तर उरलेल्या दिवसांची फी परत.
दर रविवारी सकाळी १० वाजता डेमो. आईबाबांनीही मागच्या बाकावर बसून ऐकावं. बॅच १६ जूनपासून.
हेडलाइन: आधी वर्ग बघा, मग फी भरा

मुलांसाठी

दहावीत गणितात नव्वद, आणि आता वेक्टर बघून घाम फुटतोय? बहुतेकांचं तेच होतं. रविवारी १० वाजता ये. वही आण, पैसे नकोत.

तुम्ही सांगितलेली "१००% निकालाची हमी" काढली आहे. कोचिंगच्या जाहिरातींसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात असे दावे चालत नाहीत. गेल्या वर्षीच्या मुलांचे फोटोही निकालानंतर घेतलेल्या लेखी संमतीशिवाय लावता येत नाहीत. ती पत्रं आली की फोटो टाकू. तसंही भंवरकुआँला प्रत्येक खांबावर टॉपर हसतोय, त्यात आपला कोण बघणार?

आता कोणाला दाखवायची ते. "मराठी भाषा" हा फिल्टर मी मुद्दाम लावत नाही. तो लोकांचं अकाउंट कुठल्या भाषेत आहे ते बघतो, आणि इंदूरच्या आपल्या लोकांचे फोन इंग्रजीत नाहीतर हिंदीत. फिल्टर लावला तर जोशीकाकूच गळतील! मराठी मजकूर वाचून ज्याला थांबायचं तो थांबेल. हिंदी जाहिरात वेगळी, तीही याच भागात.

नकाशावरची पिन सुदामानगर आणि लोकमान्यनगरवर, भोवती ४ किलोमीटर. राजवाड्यावर नको. तिथे खरेदीला आलेला देवासचा माणूसही मोजला जातो, आणि तो रोज संध्याकाळी मुलाला इथे पाठवणार नाही. पालकांचं वय ३८ ते ५२, आई-वडील दोघंही. ॲडव्हांटेज प्लस, म्हणजे कोणाला दाखवायचं ते मेटानेच ठरवणं, बंद ठेवतो, नाहीतर वयाची वरची मर्यादा नुसती सूचना ठरते.

मुलांच्या जाहिरातीत वय १६-१७ आणि ठिकाण, एवढंच. १८ च्या आतल्यांना आवडीनिवडीवरून निवडायला मेटा देतच नाही. आठवी-नववीची जाहिरात मात्र मी करणार नाही. जानेवारी २०२४ च्या केंद्राच्या सूचनांत सोळाच्या आत, दहावीची परीक्षा होण्याआधी प्रवेश नको असं म्हटलंय.

रोजचे ५०० रुपये: ३५० पालकांवर, १५० मुलांवर. प्रवेश आईच ठरवते, मुलगा फार तर हट्ट धरतो.

फॉर्म भरणाऱ्याला त्याच संध्याकाळी फोन गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी तो दुसरीकडे डेमोला बसलेला असतो. तुम्ही ८ पर्यंत वर्गात, तर फोन कोण करणार तेवढं नक्की करा. ते ठरल्याशिवाय जाहिरात सोडत नाही.