विहिरींची पाणीपातळी: प्रकल्पाची सूचना आणि तिच्यावरून केलेला गुणांकन तक्ता

द्वितीय वर्ष कला, भूगोल, चौथे सत्र. एकूण गुण ५०.
विभागातील सर्व परीक्षकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठीही. हाच कागद पहिल्या मोजणीच्या आधी वर्गात वाटायचा आहे.

मूळ सूचना

"आपल्या गावातील किमान ५ विहिरी निवडा. ५ ते १२ जानेवारी आणि १० ते १७ मार्च या काळात प्रत्येक विहिरीची पाणीपातळी एकेकदा मोजा. विहिरी नकाशावर दाखवा व आलेख काढा. पातळीतील बदलाचे पाऊस, पिके व खडक यांच्या आधारे सखोल विश्लेषण करा. किमान ३ शेतकऱ्यांशी चर्चा करा. अहवाल २,००० ते २,५०० शब्दांत, व्यवस्थित मांडणीसह २५ मार्चपर्यंत द्यावा."

सूचना चांगली आहे. पण मागच्या वर्षी याच शब्दांवर एका अहवालाला एका परीक्षकाने ४१ आणि दुसऱ्याने २८ गुण दिले. दोघांनीही मन लावून वाचले होते. "सखोल" म्हणजे काय, याचे दोघांच्या मनातले चित्र वेगळे होते आणि त्याची किंमत मुलीने मोजली. म्हणून सूचनेतले एकेक क्रियापद वेगळे काढले. निवडा, मोजा, दाखवा, काढा, विश्लेषण करा, चर्चा करा. या प्रत्येकाचा पुरावा अहवालात कुठल्या पानावर, कुठल्या रूपात दिसेल असे विचारत गेलो, त्यातून पाच निकष उरले. "सखोल" आणि "व्यवस्थित" हे दोन शब्द तक्त्यात कुठेच नाहीत. त्यांच्या जागी डोळ्यांना दिसतील अशा गोष्टी लिहिल्या आहेत.

भारांश ठरवताना वाद झाला, तो इथे नोंदवतो. मांडणीला १० गुण असावेत असे काही सहकाऱ्यांचे मत होते. पण छापून, बांधून आणलेला रंगीत अहवाल नेहमी पैसे असलेल्या घरातून येतो, आणि टेप घेऊन बांधाबांधाने फिरलेल्या मुलाची वही चिखलाने माखलेली असते. सत्राचा उद्देश मोजायला आणि मोजलेल्याचा अर्थ लावायला शिकवणे हा आहे. त्यामुळे त्या दोन निकषांकडे मिळून ६० टक्के गुण गेले.

गुणांकन तक्ता

| निकष आणि भारांश | उत्तम | चांगले | पुरेसे | अपुरे |
|---|---|---|---|---|
| १. मोजणी व नोंदवही ३०% (१५ गुण) | १३–१५ पाचही विहिरींची दोन्ही मोजमापे. कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली. तारीख, वेळ आणि मोटर शेवटची कधी बंद झाली याची नोंद. मूळ वही जोडलेली. | १०–१२ दोन्ही मोजमापे आहेत, कठडा वजा केला आहे. मोटरची किंवा वेळेची नोंद काही ठिकाणी राहिली आहे. | ६–९ मोजमापे खरी आहेत, पण कठडा वजा केलेला नाही. किंवा एक-दोन विहिरींचे एकच मोजमाप आहे. | ०–५ तीनपेक्षा कमी विहिरी, किंवा मूळ वही नाही. |
| २. नकाशा व आलेख २०% (१० गुण) | ९–१० विहिरी अक्षांश-रेखांशांनुसार. ओढा, उतार, प्रमाण, दिशा, सूची आहे. आलेखात जमीन वर (शून्य) आणि खोली खाली वाढत जाते. | ७–८ स्थाने बरोबर, आलेख बरोबर वाचता येतो. नकाशाच्या घटकांपैकी एखादा राहिला आहे. | ४–६ विहिरींची स्थाने अंदाजे, किंवा आलेख उलटा असल्याने पातळी उतरली असताना चढलेली दिसते. | ०–३ नकाशा किंवा आलेख यांपैकी एक नाही. किंवा उतरवलेला नकाशा, त्यावर स्वतःच्या विहिरी नाहीत. |
| ३. विश्लेषण ३०% (१५ गुण) | १३–१५ प्रत्येक दाव्यामागे स्वतःचा आकडा. विहिरी एकमेकांशी ताडून फरकाची कारणे पाऊस, उपसा आणि खडक या तिन्हींतून तपासली आहेत. न जुळणारी विहीर लपवलेली नाही. | १०–१२ तिन्हींपैकी दोन कारणे स्वतःच्या आकड्यांशी जोडली आहेत. | ६–९ बदल बरोबर सांगितला आहे, कारणे सर्वसाधारण आहेत. ती कुठल्याही गावाला लागू पडतील. | ०–५ आकड्यांचे फक्त वर्णन, किंवा निष्कर्ष आकड्यांच्या विरुद्ध. |
| ४. शेतकऱ्यांशी चर्चा १०% (५ गुण) | ५ तीन किंवा अधिक शेतकरी. पीक, पाळी, मोटरचे तास विचारले आहेत आणि ती माहिती विश्लेषणात वापरली आहे. | ४ तिघांशी चर्चा, माहिती नेमकी; विश्लेषणात थोडीच आली आहे. | २–३ दोघांशी चर्चा, किंवा तिघांशी होऊनही सगळ्यांची उत्तरे ढोबळ. | ०–१ एकाशीच चर्चा, किंवा काहीच नाही. |
| ५. मांडणी, भाषा, श्रेय १०% (५ गुण) | ५ शब्दमर्यादा पाळली, तक्त्यांना क्रमांक, बाहेरच्या माहितीचे श्रेय जागच्या जागी. हस्तलिखित व छापील समान. | ४ श्रेय दिले आहे. क्रमांक किंवा मर्यादेत किरकोळ चूक. | २–३ वाचता येते, पण क्रम विस्कळीत. श्रेय काही ठिकाणीच. | ०–१ उतारे श्रेयाशिवाय उचललेले. |

"पुरेसे" या स्तराचे सर्वांत खालचे गुण मिळवले तर ६ + ४ + ६ + २ + २ = २० होतात, म्हणजे बरोबर ४० टक्के. ही उत्तीर्णतेची रेषा मुद्दाम तशी जुळवली आहे. प्रत्येक निकषात जेमतेम पुरेसे काम करणारा विद्यार्थी पास झालाच पाहिजे.

तक्ता वापरताना

कोरडी विहीर हे मोजमापच आहे. मार्चमध्ये विहीर आटली असेल आणि विद्यार्थ्याने "कोरडी, तळ ९.४ मीटर" असे लिहिले असेल, तर पहिल्या निकषात एकही गुण कापू नये. मागच्या वर्षी अशा नोंदीला "माहिती अपूर्ण" असा शेरा गेला होता. तो मुलगा पुढच्या वेळी आकडा मनानेच टाकेल, आणि ते आपण शिकवलेले असेल. मला या संपूर्ण कागदात हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते.

एका चुकीचे गुण एकदाच कापायचे. कठडा वजा न करणे ही नेहमीची चूक आहे, ती पहिल्या निकषात मोजली की संपली. समजा एका विहिरीचा कठडा ०.९ मीटर उंच आहे. कठड्यावरून टेप जानेवारीत ५.१ आणि मार्चमध्ये ७.८ मीटर दाखवते. जमिनीपासून खरी खोली ४.२ आणि ६.९ मीटर. पण घट दोन्ही रीतींनी २.७ मीटरच येते. म्हणजे त्या विहिरीच्या घटीवर केलेले विश्लेषण शाबूत आहे. बिघडते ती वेगवेगळ्या उंचीच्या कठड्यांच्या विहिरींची आपापसातली तुलना. विश्लेषणात चूक धरायची तर तेवढ्याच तुलनेची धरावी, आणि तीही पहिल्या निकषात कापली नसेल तरच.

मोटरची नोंद का मागितली आहे, हे वर्गात सांगावे. रब्बीत कांदा आणि गव्हाच्या पाळ्या चालू असतात. नुकतीच मोटर बंद झालेल्या विहिरीत पाणी अजून चढत असते, त्यामुळे तेव्हा घेतलेला आकडा विहिरीची स्थिर पातळी दाखवत नाही. मोजणी पहाटे, मोटर सुरू होण्याआधी करावी. ते जमले नाही तर नुसती नोंद पुरे, गुण कापायचे नाहीत.

खडकाबद्दल एक सूचना परीक्षकांसाठी. आपला भाग बेसॉल्टचा आहे, राज्याचा सुमारे ८० टक्के भूभाग तसाच. इथे पाणी वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि सच्छिद्र थरांत साठते, एकसंध कातळात फारसे नाही. त्यामुळे एकाच बांधाच्या दोन बाजूंच्या विहिरींत तीन-चार मीटरचा फरक असू शकतो. असा फरक पाहून "मोजणी चुकली" असा शेरा मारण्याआधी वहीतली वेळ आणि मोटरची नोंद बघावी. विद्यार्थ्याने तो फरक स्वतः हेरून कारण शोधले असेल तर ते "उत्तम" स्तराचे काम आहे, मग कारण पूर्ण पटणारे नसले तरी.

पावसाचे आकडे कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावरून, आपल्या महसूल मंडळाचे घ्यावेत. जिल्ह्याची सरासरी घेतली तर तिसऱ्या निकषात पाऊस हे कारण तपासलेले धरू नये, कारण एकाच तालुक्यात दोन मंडळांचा पाऊस खूप वेगळा असतो.

बऱ्याच अहवालांत हिवरे बाजारवर दोन-तीन पाने असतात. त्या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरवण्याची रीत घालून दिली, ते शिकण्यासारखेच आहे. पण ती माहिती स्वतःच्या गावाच्या आकड्यांशी ताडली असेल तरच तिसऱ्या निकषात धरावी. नुसते वर्णन असेल तर त्याला गुण नाहीत आणि दंडही नाही. शब्दमर्यादा मात्र त्यात खर्च होते.

पाचऐवजी बारा विहिरी मोजल्या म्हणून जादा गुण नाहीत. सूचनेत "किमान ५" लिहिले आहे, आणि ज्याच्याकडे दुचाकी आहे तोच बारा विहिरींपर्यंत पोचतो.

सुरक्षितता गुणांत धरलेली नाही, ती अट आहे. मोजायला दोघांनी जायचे, कठडा नसलेल्या विहिरीवर वाकायचे नाही, अशी विहीर निवडूच नये. टेपच्या टोकाला वजन बांधून शेवटच्या मीटरभर भागाला खडू लावला की ओली रेघ स्पष्ट दिसते, डोकावण्याची गरज पडत नाही.

तपासलेला एक नमुना

मागच्या वर्षीचा एक अहवाल, नाव काढून, तीन परीक्षकांनी या तक्त्यावर पुन्हा तपासला. पाच विहिरी, दोन्ही मोजमापे, मूळ वही जोडलेली, पण कठडा कुठेच वजा नाही: पहिल्या निकषात ९. नकाशा नेटका, दिशा दाखवायची राहिली: ८. विश्लेषणात ओढ्याकाठच्या दोन विहिरी कमी उतरल्याचे आकड्यांनी दाखवले, उसाच्या शेतातली विहीर सर्वाधिक उतरल्याचे मोटरच्या तासांशी जोडले आणि एका विहिरीचे कोडे सुटत नसल्याचे सरळ लिहिले: १३. चर्चा ४, मांडणी ४. एकूण ३८. तिघांच्या गुणांत सर्वांत मोठा फरक ३ चा होता.

प्रत्येक अहवाल दोघे स्वतंत्रपणे तपासतील. गुण देताना आधी स्तर ठरवायचा, त्या चौकटीतल्या वाक्यांतले कुठले लागू पडले त्यावर खूण करायची आणि मग स्तरातला आकडा निवडायचा. एकूण बेरजेत ५ पेक्षा जास्त फरक आला तर सरासरी काढू नये. दोघांनी एकत्र बसून ज्या निकषात फरक पडला तेवढीच पाने पुन्हा वाचावीत, आणि खुणा केलेला तक्ता गुणांसह विद्यार्थ्याच्या हातात द्यावा.